होमस्टेचा नंबर बंद न करता बहिणीच्या नावावर करताना

प्रश्न: गुहागरजवळ आमचा होमस्टे आहे. त्याचा पोस्टपेड नंबर माझ्या नावावर आहे आणि पाटीवर, गूगलवर, जुन्या पाहुण्यांकडे सगळीकडे तोच आहे. पुढच्या महिन्यात मी नोकरीसाठी दोहाला जातोय. यापुढे होमस्टे बहीण बघणार, तिचं लग्न होऊन दापोलीला दिलंय. नंबर बंद करण्यापेक्षा तिच्या नावावर करता येईल का? नाहीतर माझा एक मित्र बुकिंगचं बघतोच, त्याच्या नावावर केला तर चालेल का? कागद काय लागतील?

उत्तर: बहिणीच्या नावावर होईल, मित्राच्या नावावर होणार नाही. दूरसंचार विभागाच्या २०१२ च्या ग्राहक पडताळणीच्या सूचनांनुसार चालू मोबाइल नंबर रक्ताच्या नात्यातल्या माणसाला किंवा कायदेशीर वारसालाच देता येतो. देणाऱ्याचं ना हरकत पत्र लागतं आणि घेणाऱ्याची ओळख-पत्त्याची पडताळणी नवीन सिम घेतल्यासारखी पहिल्यापासून होते. सख्खा भाऊ, सख्खी बहीण यात बसतात. भावोजी बसत नाहीत. हे मुद्दाम सांगतो, कारण तालुक्याला जायला सवड भावोजींना असते आणि घरचे सहज त्यांच्याच नावाचे कागद देऊन पाठवतात. अर्ज तिथेच थांबतो आणि फेरी फुकट जाते.

मित्राला नुसतं सिम देऊन टाकायचं, कागदावर नाव तुमचंच ठेवायचं, हा मार्ग बरेच जण धरतात. तो धरू नका. त्या नंबरवरून कोणी आगाऊ रक्कम घेऊन पाहुण्याला फसवलं, तर चौकशी पहिल्यांदा ज्याच्या नावावर नंबर आहे त्याच्याकडे येते, आणि तुम्ही तर दोह्यात असणार. आपल्या नावाचं सिम दुसऱ्याला वापरायला देऊ नका, असं दूरसंचार विभागही सांगत आलाय. मित्राला कामात ठेवायचा सरळ मार्ग आहे, तो पुढे सांगतो.

नातं कागदावर दाखवायचं कसं

अडतं ते बहुतेक वेळा इथेच. तुमच्या नावात मधलं नाव वडिलांचं. बहिणीच्या नावात लग्नानंतर मधलं नाव नवऱ्याचं आणि आडनाव सासरचं. दोघांची आधार कार्डं शेजारी ठेवली तर काउंटरवरच्या माणसाला एकही शब्द जुळताना दिसत नाही, आणि तो अर्ज बाजूला सारतो.

सगळ्यात सोपा उपाय पॅन कार्डाचा. पॅनवर कार्डधारकाच्या नावाखाली पालकाचं नाव छापलेलं असतं, आणि विवाहित स्त्रीच्या पॅनवरही तिथे नवऱ्याचं नाव येत नाही, बहुधा वडिलांचंच असतं. तुमचं आणि तिचं पॅन एकाखाली एक ठेवलं की दोन्हीकडे तेच नाव वाचता येतं. फक्त इंग्रजी स्पेलिंग आधी बघून घ्या. एका कार्डावर वडिलांचं नाव Vitthal आणि दुसऱ्यावर Vithal, असं सर्रास असतं. तसं असेल तर जोडीला दुसरा कागद न्या: तिचा शाळा सोडल्याचा दाखला, आणि माहेरचं नाव ते सासरचं नाव ही साखळी जोडणारा विवाह नोंदणीचा दाखला. घरात जुनं रेशनकार्ड असेल, ज्यात तिचं लग्नाआधीचं नाव तुमच्यासोबत आहे, तर तेही ठेवा. कोणता कागद चालेल हे कंपनीगणिक थोडं बदलतं, म्हणून जाण्याआधी स्टोअरला फोन करून एवढंच विचारा: "सख्ख्या बहिणीच्या नावावर करायचाय, ती विवाहित आहे, नात्याचा पुरावा म्हणून काय घेता?"

बाकी कागद थोडे आहेत. तिचं मूळ आधार, तुमचं ओळखपत्र, शेवटच्या बिलाची प्रत आणि तुमच्या सहीचं ना हरकत पत्र. पत्र बहुतेक स्टोअरमध्ये छापील मिळतं. स्वतः लिहायचं झालं तर मजकूर एवढाच पुरे:

"माझ्या नावावर असलेला मोबाइल क्रमांक ____ माझी सख्खी बहीण ____ (लग्नाआधीचं नाव ____) हिच्या नावावर करण्यास माझी हरकत नाही. आजच्या तारखेपर्यंतचं बिल भरण्याची जबाबदारी माझी आहे."

लग्नाआधीचं नाव पत्रात घालायला विसरू नका. त्या एका ओळीमुळे पॅन, दाखला आणि आधार यांचा एकमेकांशी संबंध लागतो.

१ जानेवारी २०२४ पासून नवीन ग्राहकाचा कागदी अर्ज बंद झालाय. आता पडताळणी डिजिटल होते आणि बहिणीचा फोटो तिथल्या तिथे काढला जातो. म्हणून तिला स्वतः जावंच लागेल, तिच्या वतीने दुसरं कोणी गेलेलं चालत नाही.

स्टोअरला जाण्याआधी: तुमचं आयुष्य त्या नंबरवरून उतरवा

घाई होते ती इथे. नंबर बहिणीच्या नावावर झाला तरी तुमची बँक, आधार, ईमेल यांना त्याची खबर नसते. तुमचे ओटीपी तिच्या फोनवर येत राहतात. मग रात्री कतारमधून तिला फोन करून "आत्ता आलेला नंबर सांग" असं सुरू होतं. तिची झोपमोड होते, आणि ओटीपी कोणाला तरी वाचून दाखवायची सवयही लागते, जी होमस्टे चालवणाऱ्या माणसाला फार महागात पडू शकते.

म्हणून पहिलं काम नावबदलाचं नाही. आधी तुमच्या स्वतःच्या नावावर एक नवीन साधं प्रीपेड सिम घ्या. मग सगळं त्यावर हलवा, या क्रमाने.

पहिलं आधार. आधारला जोडलेला मोबाइल बदलायचा खात्रीचा मार्ग म्हणजे आधार केंद्रावर स्वतः जाणं, कारण तिथे बोटांचे ठसे घेऊन ओळख पटवतात आणि जुन्या नंबरवरच्या ओटीपीची गरज पडत नाही. देशाबाहेर गेल्यावर हा मार्ग राहत नाही. बदल नोंदवायला काही दिवस जातात, म्हणून हे सगळ्यात आधी उरका. याचा एक परिणाम आपल्याकडच्या माणसाला पटकन कळेल. १५ जुलै २०२५ पासून रेल्वेच्या ऑनलाइन तत्काळ तिकिटाला आधारचा ओटीपी लागतो. गणपतीला सुट्टी काढून आलात आणि परतीचं तिकीट काढताना ओटीपी दुसऱ्याच्या हातातल्या फोनवर गेला, तर तत्काळची खिडकी तोवर संपलेली असते.

दुसरं बँक. शाखेत जाऊन नंबर बदलण्याचा अर्ज द्या, आणि जितक्या बँकांत खाती आहेत तितक्या ठिकाणी द्या. परदेशी नोकरीला जाताय म्हणजे तुमचं बचत खातं एनआरओ करून घ्यावंच लागणार, ते कामही त्याच फेरीत होतं. बदल झाल्याचा एसएमएस आला म्हणजे काम झालं असं धरू नका. एक छोटा ऑनलाइन व्यवहार करा आणि ओटीपी खरोखर नवीन सिमवर आला का ते बघा.

तिसरं यूपीआय. जुन्या नंबरवरचं यूपीआय ॲपमधून काढून टाका, नवीन सिमवर पुन्हा नोंदवा. हे राहिलं तर फार चमत्कारिक गोंधळ होतो. पाहुणा पाटीवरचा नंबर टाकून खोलीचं भाडं पाठवतो, पैसे तुमच्या खात्यात जातात, आणि बहीण म्हणते भाडं आलंच नाही. ओटीवर चिकटवलेला क्यूआर कोडसुद्धा तुमच्या खात्याचाच आहे, तो नंबरासोबत बदलत नाही. तिच्या खात्याचा नवा कोड छापून जुना काढून टाका.

ईमेलचा रिकव्हरी नंबर, आयकर, पीएफ, विमा, डीमॅट, गॅस बुकिंग ही यादी त्यानंतर. काही विसरलं जाईल याची भीती असेल तर जुन्या नंबरचा एसएमएस इनबॉक्स मागच्या वर्षभराचा वरून खाली चाळा. ज्यांनी ज्यांनी ओटीपी पाठवलाय, त्या सगळ्यांकडे तुमचा नंबर नोंदलेला आहे. स्मरणशक्तीपेक्षा ही यादी बरी.

नवीन प्रीपेड सिम दोह्यात जिवंत ठेवायचं असेल तर एक नियम माहीत असू द्या. ९० दिवस वापर झाला नाही तर कंपनी प्रीपेड नंबर बंद करू शकते. खात्यात २० रुपये किंवा जास्त शिल्लक असेल तर ते कापून मुदत ३० दिवसांनी वाढते. नुसता एसएमएस येणं हा यात वापर धरला जात नाही. कॉल, पाठवलेला एसएमएस किंवा डेटा लागतो. ज्याला ओटीपीच येतात आणि बाकी काही होत नाही, त्याचं सिम म्हणून अचानक बंद पडतं. वैधता असलेला प्लॅन चालू ठेवा, आणि निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या.

कुठे आणि कधी जायचं

गावातला रिचार्जवाला नवीन सिम देतो, पण नावबदल सहसा त्याच्या हातात नसतो. त्यासाठी कंपनीचं स्वतःचं स्टोअर लागतं, तुमच्यासाठी बहुधा चिपळूण. बीएसएनएल असेल तर त्यांचं ग्राहक सेवा केंद्र.

त्याआधी नंबर कुठल्या सर्कलचा आहे ते बघा. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतात. मुंबई, ठाणे, नवी मुंबई हे वेगळं मुंबई सर्कल आहे. मुंबईत नोकरीला असताना घेतलेला नंबर गावी आणून वर्षानुवर्षं वापरणारे चाकरमानी पुष्कळ. तसा असेल तर चिपळूणचं स्टोअर "मुंबईला जा" म्हणण्याची दाट शक्यता असते. हे फोनवरच विचारून घ्या.

कंपनी बदलायचाही विचार असेल तर दोन्ही एकाच वेळी करू नका. नावबदलाचा अर्ज प्रक्रियेत असताना पोर्टिंगची विनंती फेटाळली जाते, ते नियमातच आहे. पोर्ट करताना नावही बदलता येत नाही. आधी नावबदल पुरा होऊ द्या, मग पोर्टिंग बहीण करेल.

दिवस निवडताना बिलाची तारीख बघा. महिन्याचं बिल निघाल्यावर ते भरून दोन-चार दिवसांत गेलात तर न निघालेल्या बिलाची रक्कम अगदी थोडी असते आणि तिथल्या तिथे चुकती होते. सायकल अर्धी झाल्यावर गेलात तर तुमच्या वाट्याचं किती आणि तिच्या वाट्याचं किती यावरून पुढच्या बिलात घोळ होतो. त्याच कनेक्शनवर घरातल्या कोणाचा दुसरा नंबर जोडलेला असेल तर तो आधी वेगळा करा. तो जोडलेला असेपर्यंत मुख्य नंबर सहसा हलत नाही. तुमच्या कार्डावर बिलाचं ऑटोपे असेल तर ते बँकेकडूनही बंद करा. नाव बदललं तरी कार्डावरची परवानगी आपोआप जात नाही, आणि बहिणीचं बिल तुमच्या खात्यातून कापलं जात राहतं. सुरुवातीला अनामत भरली असेल तर ती तुम्हाला परत मिळायची आहे, त्यासाठी स्वतःच्या खात्याचा तपशील अर्जासोबत द्या.

स्टोअरला जाताना तो नंबर ज्या फोनमध्ये आहे तो फोन सोबत हवा. मालक म्हणून तुमची संमती त्याच सिमवर आलेल्या ओटीपीने घेतली जाते. होमस्टेचा फोन म्हणून तो तिकडे ओटीवर चार्जिंगला राहिला आणि तुम्ही चिपळुणात, असं होऊ देऊ नका. बहिणीच्या अर्जात पर्यायी नंबर मागतात, तिथे तिचा रोजचा नंबर द्या. बदलायचा तोच नंबर तिथे लिहिला तर अर्ज अडकतो. एका माणसाच्या नावावर आपल्या राज्यात जास्तीत जास्त ९ मोबाइल कनेक्शन असू शकतात. सासरच्या सगळ्यांची सिमं तिच्याच नावावर घेतलेली असतील तर तेही आधी मोजा.

काही वेळा तेच सिम चालू राहतं, काही वेळा नवीन सिम देतात. नवीन सिम दिलं तर सुरू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस येत-जात नाहीत. फसवणूक रोखण्यासाठी ही बंदी मुद्दाम घातलेली आहे. कॉल येतात, ओटीपी येत नाहीत. नेटवर्क बिघडलं समजून पुन्हा सिम बदलून मागू नका, पुन्हा २४ तास थांबावं लागेल. शनिवार-रविवारची गर्दी तोंडावर असताना म्हणून हे करू नये. सोमवार किंवा मंगळवार बरा.

व्हॉट्सॲप आणि मित्राचं काम

होमस्टेचं बुकिंग कॉलपेक्षा व्हॉट्सॲपवरच जास्त येतं, त्यामुळे ते खातं बहिणीकडे नीट गेलं पाहिजे. तुमचं घरचं, मित्रांचं बोलणंही याच नंबरवर असेल, तर आधी तुमच्या नवीन सिमवर वेगळं खातं उघडा आणि माणसांना कळवा. `Change number` वापरू नका. त्याने अख्खं खातंच नवीन नंबरवर जातं, आणि पाहुण्यांशी झालेलं सगळं बोलणं बहिणीच्या हातून निसटतं.

मग जुन्या खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन बंद करा. हा पिन तुम्ही कधीतरी घातलेला असतो आणि विसरलेला असतो. बहिणीने तिच्या फोनवर तो नंबर नोंदवला की ॲप पिन मागतं, आणि पिन नसेल तर ७ दिवस थांबायला लावतं. मे महिन्यात सात दिवस व्हॉट्सॲप बंद म्हणजे काय, हे होमस्टेवाल्याला सांगायला नको. दोघांचेही फोन अँड्रॉइड असतील तर जुनं बोलणं `Transfer chats` मधून क्यूआर कोड दाखवून थेट तिच्या फोनवर नेता येतं. दोन्ही फोन शेजारी हवेत, म्हणून हे तुम्ही निघण्याआधी करा. तुमच्या ड्राइव्हवरचा बॅकअप तिच्या उपयोगाचा नाही, तो तुमच्या गूगल खात्याला बांधलेला असतो.

मित्राचा प्रश्न इथेच सुटतो. व्हॉट्सॲप मूळ फोनखेरीज आणखी ४ उपकरणांवर जोडता येतं. सिम बहिणीच्या फोनमध्ये, नंबर तिच्या नावावर, आणि मित्राचा फोन किंवा लॅपटॉप `Linked devices` मधून जोडलेला. त्याला बुकिंगचे मेसेज दिसतात, उत्तरं देता येतात. मूळ फोन अधूनमधून ऑनलाइन असावा लागतो आणि मित्राला कधी कधी कोड पुन्हा स्कॅन करावा लागतो, एवढंच. त्याचं काम थांबलं तर बहीण एका बोटाने त्याला बाहेर काढू शकते. नंबर त्याच्या नावावर असता तर हे जमलं नसतं. कॉलसाठी, ती दापोलीला असेल त्या दिवशी फोनच्या सेटिंगमधून कॉल फॉरवर्डिंग मित्राच्या नंबरवर लावता येतं. कोणी फोन करून स्टार आणि हॅशचा एखादा कोड डायल करायला सांगितला तर मात्र तिने तो दाबू नये. ओटीपीचे कॉल स्वतःकडे वळवून घ्यायची ती भामट्यांची जुनी युक्ती आहे.

गूगलवरच्या नोंदीत बहिणीला मालक म्हणून जोडायचं कामही लवकर करा. नव्याने जोडलेल्या मालकाला पहिले ७ दिवस पूर्ण अधिकार मिळत नाहीत.

खरंच झालं की नाही

स्टोअरमधून "झालं" असं सांगितलं जातं, आणि प्रत्यक्षात बिलाचा पत्ता किंवा ईमेल तेवढा बदललेला असतो. असं होतं. खात्री करायला sancharsaathi.gov.in वर आपल्या नावावरची मोबाइल कनेक्शनं बघायची सोय आहे. बहिणीने तिच्या रोजच्या नंबरने लॉगिन करावं. यादीत होमस्टेचा नंबर दिसला पाहिजे. तुम्ही तुमच्या नवीन सिमने लॉगिन करा, तुमच्या यादीत तो दिसता कामा नये. नंबरचे मधले आकडे झाकलेले असतात, शेवटच्या आकड्यांवरून ओळखा. नोंद अद्ययावत व्हायला काही दिवस लागू शकतात.

बघताना एक काळजी घ्या. तुमच्या यादीत तो नंबर अजून दिसत असेल, तर वैतागून त्यापुढचं `Not My Number` किंवा `Not Required` दाबू नका. ते नंबर बंद करण्यासाठी आहे. ते दाबलं तर जो नंबर वाचवायला एवढी धडपड केली, तोच बंद पडायच्या मार्गाला लागेल. नाव सरकलं नसेल तर अर्जाचा क्रमांक घेऊन त्याच स्टोअरकडे जा. तिथे दाद लागली नाही तर कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या, आणि त्यावर समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. पुढच्या महिन्याच्या बिलावर बहिणीचं नाव छापून येईपर्यंत तुमची ना हरकत पत्राची प्रत आणि अर्जाची पावती तिच्याकडे ठेवा, कारण तोवर तुम्ही दोह्यात असाल आणि स्टोअरला तीच जाणार.